पाठीचे तीन फोटो

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस चामराजपेटच्या आमच्या घरात कॉम्प्युटर आला. घरात फोन एक, तसं चॅटचं खातंही एकच, असं माझ्या मोठ्या भावानं, अण्णानं, ठरवलं. पासवर्ड साठवलेलाच असे. कुणीही बसावं आणि टाइप करावं. अण्णाचा शब्द आमच्याकडे वेदवाक्य होता, निदान यंत्रांच्या बाबतीत.

एका दुपारी मी मामाला लिहायला बसले. मामा परदेशात त्वचेचा डॉक्टर. रविवारी मला बघायला पाहुणे येणार होते, ते त्याला कळवायचं होतं. आधी काय बोलणं झालंय ते बघावं म्हणून मी जुन्या चॅटची नोंद उघडली. रोमन अक्षरांतलं मराठी, आणि ज्या नावाखाली मी लिहायची त्याच नावाखाली एक ओळ: ‘ती झोपलेली असताना काढलाय. बघ.’

हे मी लिहिलं नव्हतं.

त्याखाली पाठवलेल्या फाइलचं नाव होतं आणि ती कुठल्या फोल्डरमध्ये आहे तेही. अशा तीन नोंदी, दोन-दोन महिन्यांच्या अंतरानं. मी तो फोल्डर शोधून काढला. फोटो ऑफिसात स्कॅन करून, फ्लॉपीवर घालून अण्णानं घरी आणले होते आणि पाठवल्यावर पुसायचे विसरला होता.

तिन्हींत पालथी झोपलेली एक बाई. आधी चादर ओळखली, मग गाऊन. मानेखाली पांढरा डाग, पहिल्यात रुपयाएवढा, तिसऱ्यात तळहाताएवढा. स्वतःची पाठ मी तेव्हा पहिल्यांदा पाहिली. प्रत्येक फोटोत हिरव्या बांगड्यांचा एक हात माझी वेणी बाजूला धरून होता. तो आईचा. ‘आमची ही म्हणजे कुंभकर्ण’ असं ती चारचौघांत हसून सांगायची. मी मागे वळून पाहिलं. खोलीत कुणी नव्हतं.

मामानं शेवटी लिहिलं होतं, ‘कोड आहे, पसरतंय. तिला सांगा, औषध सुरू करा.’ त्यावर आमचं उत्तर, ‘लग्न होऊ दे, मग सांगू.’

आई आत आली तेव्हा तिसरा फोटो पडद्यावर होता.

“स्वल्प थांब गं,” ती म्हणाली. “बरं स्थळ आलंय. कोड म्हटलं की कोण उभं राहतंय?”

“आणि लग्नानंतर त्यानं बघितलं म्हणजे?”

तिनं हात पुढे करून पडदा बंद केला. मला राग आला, आणि त्याहून जास्त, त्या घरात झोपायची भीती वाटू लागली. रविवारपर्यंत मी भिंतीला पाठ लावून झोपले.

रविवारी आईनं बंद गळ्याचं ब्लाउज काढून ठेवलं. मी ते तसंच ठेवून पाठीकडे खोल गळ्याचं घातलं. पाहुण्यांपुढे कॉफीचा ट्रे ठेवला, वळले, आणि वेणी मीच बाजूला धरली.