पाच हजार सातशे म्हणजे शून्य

बुधवारी सकाळी साडेदहाला ती बाई आमच्या ऑफिसात आली तेव्हा मी डबा उघडून बसले होते. जेवणाची वेळ नव्हती, पण घरून निघताना काही खाल्लं नव्हतं आणि शेंगाचटणीचा वास बॅगेतून येत होता, मग काय करणार! सोलापुरात सात रस्त्याला एका चपलांच्या दुकानाच्या वर आमचं ऑफिस. जिना असा की वर येणारा माणूस आधी दोन मिनिटं धापा टाकतो, मग कामाचं बोलतो.

ही बाई कुंभारीच्या पुढच्या एका वाडीवरची सेविका. एका संस्थेचा बालपोषणाचा कार्यक्रम आहे, त्यात या सेविका दर महिन्याला लहान मुलांची वजनं घेतात आणि मोबाईलवर भरतात. ती वजनं आमच्याकडे येतात. आमचा प्रोग्राम त्यांची पडताळणी करतो, प्रत्येक नोंदीपुढे ‘वैध’ किंवा ‘अवैध’ असा निकाल लावतो आणि वैध नोंदींतून फार कमी वजनाच्या मुलांची यादी काढतो. यादीतल्या मुलांना न्यायला दर गुरुवारी संस्थेची गाडी येते, दवाखान्यात पंधरा दिवस ठेवून त्यांना नीट खाऊपिऊ घालतात. पडताळणीचा तो भाग मी लिहिलेला. मोठ्या अभिमानानं लिहिलेला, हेही सांगून टाकते.

“मॅडम,” बाई म्हणाली, “माज्या वाडीवर एक पोरगी हाय, धा म्हयन्याची. तीन म्हयने झाले, वजन उतरतंच हाय. मी दर म्हयन्याला लिवती. यादीत नाव न्हाय. गाडी येती, शेजारच्या वाडीवरनं पोरं घेती आन् जाती. उद्या गुरुवार हाय.”

“गाडीवाल्यांना सांगितलं नाहीत?”

“सांगितलं की. यादीत नाव न्हाय म्हनले.”

मग पिशवीतून रजिस्टर काढता काढता तिनं एक घडी घातलेला कागदही बाहेर ठेवला, अगदी सहज, भाजीची यादी ठेवावी तसा. ती नोटीस होती. ‘आपण भरलेल्या बहुतांश नोंदी पडताळणीत अवैध आढळल्या आहेत. वजने काल्पनिक असल्याचा संशय आहे. खुलासा करावा.’ खाली संस्थेच्या पर्यवेक्षकाची सही.

“याचं काय करायचं?” मी विचारलं.

“ते ऱ्हाऊ द्या वो. पोरीचं बघा आदी.”

रजिस्टर बघितलं. माझ्या शाळेत असं अक्षर असतं तर गुरुजींनी वर्गभर फिरवलं असतं. तारीख, मुलाचं नाव, वजन ग्रॅममध्ये. त्या पोरीच्या ओळीत तीन महिने: ६,१००. ५,९००. ५,७००. दहा महिन्यांच्या पोरीला हे वजन म्हणजे धडधडीत धोका, ते सांगायला डॉक्टर लागत नाही.

मी म्हटलं, “ताई, मोबाईलवर कसं भरता ते दाखवा बघू.”

तिनं दाखवलं. पोरीचं नाव मराठीत टाकलं. कीबोर्ड मराठीच राहिला, आणि त्याच कीबोर्डवर तिनं वजन टाकलं: ५,७००. स्वल्पविरामासकट. “शून्यं मोजताना चुकू नये म्हनून आमाला तसंच शिकिवलंय,” ती म्हणाली. मराठीतच भरा म्हणून सांगणारी मीच. प्रशिक्षणाला त्यांच्यापुढे उभी राहून मी ठणकावून सांगितलं होतं, “ताई, बिनधास्त मराठीत भरा, आपलं ॲप संपूर्ण मराठी आहे!” टाळ्यासुद्धा पडल्या होत्या.

ॲप संपूर्ण मराठी होतं, यात शंका नाही. बटणं मराठी, सूचना मराठी, ‘धन्यवाद’ मराठी. फक्त आत बसलेल्या माझ्या शहाण्याला मराठी आकडे येत नव्हते.

तिची नोंद मी माझ्या मशीनवर चालवून पाहिली. निकाल आला: ‘अवैध. वजन मर्यादेबाहेर. वाचलेले वजन: 0.’

झालं होतं ते असं. मोबाईलवरून आलेलं वजन म्हणजे नुसती अक्षरं असतात, त्यांची संख्या आधी करावी लागते. माझ्या प्रोग्रामला ५ हे 5 आहे हे ठाऊकच नव्हतं. संख्या होईना, तेव्हा तो गप्प बसून शून्य धरायचा. शून्य धरा, ही ओळ मीच लिहिलेली, कारण त्या दिवशी प्रोग्राम अडकत होता आणि मला घरी जायचं होतं. मग ते शून्य पुढच्या दारावर जायचं. तिथं नियम असा की वजन पाचशे ग्रॅम ते तीस हजार ग्रॅमच्या आत हवं. शून्य कसं बसणार? अवैध! आणि अवैध नोंद यादीच्या हिशेबातच नाही. ज्या सेविका इंग्रजी आकडे टाकायच्या पण स्वल्पविराम द्यायच्या, त्यांची आणखी गंमत. 5,700 वाचताना माझा शहाणा स्वल्पविरामाशी थांबायचा. पोर पाच ग्रॅमचं. चिमूटभर जिऱ्याएवढं पोर, आणि आमचा निकाल काय, तर बाई खोटं लिहिते.

“म्हंजे मी बराबर लिवलं व्हतं?” तिनं विचारलं.

“बरोबर लिहिलं होतं, ताई. माझ्या प्रोग्रामला वाचता येत नव्हतं.”

“आगं बया,” ती म्हणाली आणि खुर्चीत नीट बसली. तोवर ती नुसती कडेला टेकली होती.

मी तिला सरांकडे घेऊन गेले. सर म्हणजे आमच्या कंपनीचे मालक. त्यांच्या टेबलावर शुक्रवारच्या सत्काराची पत्रिका पडली होती. संस्थेच्या तालुक्यात कमी वजनाची मुलं झपाट्यानं घटली म्हणून सत्कार होता, शाल श्रीफळ वगैरे, आणि तंत्रज्ञानाबद्दल आमचाही. आलेख भिंतीवर लावला होता. उतरती रेघ. सर रोज तिच्याकडे प्रेमानं बघायचे.

मी सगळं सांगितलं. सर म्हणाले, “एवढंच ना? आकडे सोडून बाकी सगळं काढून टाका. कॉमा, स्पेस, काय असेल ते. पाच मिनिटांचं काम.”

“तसं चालणार नाही, सर.”

“का?”

मी ताईंच्या नोंदींतली दुसरी एक ओळ दाखवली. एका गुटगुटीत पोराचं वजन मोबाईलमध्ये गेलं होतं ८ ५०, मध्ये मोकळी जागा. “ताई, हे किती?”

“आठ किलो पन्नास ग्रॅम. त्या दिवशी घाईत व्हते, म्हनून तसं टाकलं.”

“म्हणजे आठ हजार पन्नास,” मी सरांना म्हटलं. “तुमच्या म्हणण्यानं जागा काढली की होतात आठशे पन्नास. आणि आठशे पन्नास मर्यादेत बसतं! प्रोग्राम म्हणणार, वैध. उद्या गाडी या पैलवानाला उचलून नेणार.”

“मग काय करायचं म्हणता?”

“आधी मराठी आकडे ओळखायचे. मग स्वल्पविराम किंवा जागा योग्य ठिकाणी असेल, शेवटचे तीन आकडे सुटे असतील, तरच ती काढायची. मग संख्या करायची. आणि मर्यादा त्यानंतर, सगळ्यात शेवटी. जे वाचता येत नाही त्याला शून्य म्हणायचं नाही. ‘वाचता आलं नाही’ असा वेगळा निकाल द्यायचा आणि सेविकेला परत विचारायचं.”

“इचारा की,” बाई म्हणाली. “मी कुटं पळून चालले?”

सरांनी मान डोलावली. मग त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला, तो त्यांच्या चेहऱ्यावर मी स्पष्ट बघितला. त्यांनी भिंतीकडे बघितलं.

“हे केलं की यादी वाढेल?”

“वाढणारच. मराठीत लिहिणाऱ्या सगळ्या वाड्यांवरची वाळकी पोरं आपण शून्यात जमा केली होती. म्हणून तर रेघ खाली गेली!”

“मग असं करू,” सर एकदम मायेनं बोलायला लागले, “शनिवारी टाकू. शुक्रवार होऊन जाऊ दे. एका आठवड्यानं काय होतंय?”

माझं डोकंच सणकलं. एका आठवड्यानं काय होतंय, हे त्या रजिस्टरात तीन महिने लिहिलेलं होतं. मी त्यांच्यापुढे कोरा कागद ठेवला आणि वर पेन ठेवलं. “सर, एवढं लिहून द्या. या पोरीचं वजन पाच हजार सातशे आहे हे मला बुधवारी कळलं, आणि तिला गुरुवारच्या गाडीत घालू नये. खाली सही, तारीख.”

आमच्या सरांना अख्ख्या सोलापुरात कशाचीच भीती नाही, फक्त सहीची आहे. पेनाकडे त्यांनी असं बघितलं की जणू विंचू ठेवलाय. बाई मध्येच म्हणाली, “सायेब, लिवताना सुटसुटीत लिवा, न्हाईतर मशिनीला कळत न्हाय.” ती चेष्टा करत होती की खरंच सांगत होती, मला आजही माहीत नाही.

“टाका आजच,” सर म्हणाले. “आलेखाचं मी बघतो.”

दुपारी तीनपर्यंत काम झालं. मराठी, इंग्रजी, स्वल्पविराम, जागा, सगळ्या जाती मी घालून बघितल्या. तिची ८ ५० ची ओळ ‘वाचता आलं नाही’ म्हणून परत आली, जशी यायला हवी होती तशी. मग तीन महिन्यांच्या सगळ्या नोंदी नव्यानं चालवल्या. यादी प्रिंटरमधून पानांवर पानं येत राहिली. तिसऱ्या पानावर त्या पोरीचं नाव होतं: ५७००, वैध, तातडीने. मी खुर्चीतून ओरडलेच, “आली! आली यादीत!” बाईनं हात जोडले. एक पोर उपासमारीच्या यादीत आली म्हणून आम्ही दोघी लग्न जमल्यासारख्या हसत होतो. मग माझं मलाच कसंतरी झालं आणि मी उरलेला डबा तिच्यापुढे सरकवला.

तिची नोटीस मी संस्थेला कळवून रद्द करून घेतली. संस्थेच्या पत्रात ‘तांत्रिक कारणास्तव’ असं लिहिलं होतं. कारण मी होते, पण माझ्या नावाला तांत्रिक म्हणतात हे मला त्या दिवशी कळलं.

गुरुवारी दुपारी बाईचा फोन आला. मागं गाडीच्या इंजिनाचा आवाज होता.

“मॅडम, गाडी आली. पोरगी चालली. आई बी चालली संगं.”

“बरं झालं बाई! वजन केलं?”

“केलं. पाच हजार सहाशे.” मग म्हणाली, “आई इचारत व्हती, शेजारच्या वाडीवर गाडी येत व्हती, मग माजी पोरगी तीन म्हयने का न्हेली न्हाय? मी सांगितलं, माज्याच लिवण्यात काय तरी चुकलं आसंल.”

“अहो ताई! असं का सांगितलंत? तुमचं काहीच चुकलं नव्हतं. चूक माझी होती. तिला सांगा, माझी होती म्हणून.”

“मग तुमीच सांगा की,” ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. “गाडी सुटायला दोन मिन्टं हायती. घ्या, बोला तिच्याशी.”

फोन एका हातातून दुसऱ्या हातात गेल्याचा आवाज आला. पोर बारीक आवाजात रडत होती. मग तिची आई म्हणाली, “व्हय, बोला. कोन बोलतंय?”