पोकळ दांडा

कारखान्याच्या नियोजन विभागात तिला सगळे ताई म्हणत, तिच्याहून मोठी माणसंसुद्धा. त्या दुपारी मीटिंगमध्ये भिंतीवर स्लाइड उमटली, तेव्हा ताईला नुसती मान वर करायचाही कंटाळा आला होता. यंत्राच्या पायदाबाचा, म्हणजे पेडलचा, एक दांडा करायचा होता. कास्टिंग म्हणजे ओतून, फोर्जिंग म्हणजे घाव घालून, की वेल्डिंग म्हणजे जोडून, एवढं तिनं सांगायचं.

स्लाइडवर रकाने तीन: ताकद, खर्च, आकार. ताकदीत फोर्जिंग पहिलं. घावाखाली धातूचे तंतू आकाराबरोबर वळतात, म्हणून असा दांडा झटके सोसतो. हे तिला नवं नव्हतं. तिचा थोरला भाऊ फोर्जिंगच्या हॅमरवर, घाव घालणाऱ्या यंत्रावरच राबत आला होता. आता हॅमरला काम उरलं नव्हतं, आणि हे कामही गेलं तर हॅमर बंद होणार, हे शिपायालाही ठाऊक होतं. सकाळी डबा उचलताना दादा एवढंच म्हणाला होता, "तायडे, तुझ्या हातात आहे म्हणे."

पहिल्या रकान्यावर बोट ठेवलं असतं तर कुणी हूं की चूं केलं नसतं. साहेब तर घड्याळच बघत होते.

पण दांडा पोकळ हवा होता, त्यातून तार जायची होती. फोर्जिंग करायचं तर भरीव घडवून मग लांब भोक पाडायचं, आणि डायचा, म्हणजे घडवायच्या साच्याचा, सगळा खर्च मोजक्या नगांच्या डोक्यावर. हजारो नग असते तर गोष्ट वेगळी. कास्टिंगमध्ये पोकळी सहज येते, पण बिडाचा, ठिसूळ ओतीव लोखंडाचा दांडा झटक्यानं तडकला तर माणसाच्या पायावर बेतायचं. पोलाद ओतावं, तर थोड्या नगांसाठी ओतकामाचा नमुना, पॅटर्नही महाग. चौकोनी पाइपला दोन्ही टोकांना बुश, म्हणजे छोट्या नळकांड्या, वेल्डिंगनं जोडल्या की भागत होतं. पायाचा भार तो जोड सोसणार होता, जोड नीट असला तर.

"वेल्डिंग," ताई म्हणाली.

संध्याकाळी तिनं दादाला सांगितलं. त्यानं विचारलं, "बरोबर आहे ना?" ती हो म्हणाली. "मग झालं तर," म्हणून तो पंख्याखाली आडवा झाला आणि जेवायलाही उठला नाही.

हॅमर बंद झाला. दादाला वेल्डिंगवर टाकलं. त्यानं केलेला पहिला नमुना तपासायला ताईच्याच टेबलावर आला. वरून जोड कसा सुबक होता. कापून पाहिला, तर आत मुळाशी धातू वितळून एकजीव झालेलाच नव्हता. बाजूला उभे असलेले दोघं एकदम खिडकीबाहेर बघू लागले.

ताईनं नमुना नापास केला आणि तो घेऊन स्वतःच खाली गेली.

दादानं कापलेली बाजू बराच वेळ न्याहाळली. "घाव चुकला की हॅमरवर लगेच कळायचं गं. हे मेलं वरून गोड बोलतं."

"करंट थोडा वाढव, दादा. आणि हात सावकाश."

"आता बहिणीकडून शिकायचं," तो शेजारच्याला म्हणाला. मग दुसरा पाइप शिकंज्यात आवळून त्यानं तोंडावर मुखवटा ओढला.