जन्मभर पांढरी अंगठी

१४ जानेवारी २०२५. अंगठीवर रोडियम चढवण्याचे ८५० रुपये.

डहाणूच्या आमच्या सराफी दुकानातला सेल्समन विनोद नुसत्या जिभेवर जगतो. धातूचं ज्ञान शून्य. गंजाडच्या रोशनीला त्याने व्हाइट गोल्डची अंगठी ‘जन्मभर पांढरी’ सांगून विकली. दीड वर्षात ती पिवळट पडली आणि खरी अंगठी विकून खोटी घातल्याचा आळ सासूने रोशनीवर घेतला. दोघी दुकानात आल्या.

“वहिनी, तुमच्या घामाचा दोष,” विनोद म्हणाला.

“गप रे, बोलघेवड्या!” कारागीर मनिषभाई म्हणाले. “आतलं सोनं पिवळसरच असतं. वरचा रोडियम या पांढऱ्या धातूचा थर पातळ, भांडी घासून झिजला. रोजच्या अंगठीला वर्षा-दोन वर्षांनी तो परत चढवावा लागतो.”

त्यांनी अंगठीतला हॉलमार्क क्रमांक बिलाशी ताडून दाखवला. सासू ओशाळली. मालकांनी खर्च विनोदवर टाकला.

त्याच्याकडून अजून ३५० रुपये येणे आहेत.