आधी कुणाचा पाय

हॉस्पिटलच्या मागच्या इमारतीत, कपडे धुण्याच्या विभागाला लागून, कृत्रिम पाय बनवायची कार्यशाळा होती. तिथले मुख्य कारागीर म्हणजे पायवाले दादा. प्लास्टरचा साचा घ्यायचा, त्यावरून सॉकेट, म्हणजे उरलेला पाय ज्यात बसतो तो भाग, तयार करायचं आणि माणसाला आधाराच्या दोन दांड्यांच्या मधून पुन्हा चालताना बघायचं, यात त्यांची एकवीस वर्षं गेली होती. हातात कसब होतं. तोंडात मात्र 'नाही' हा शब्द नव्हता. बायको म्हणायची, नाही म्हणायची वेळ आली की तुम्हाला खोकला येतो.

कामांचा क्रम फळ्यावर लिहिलेला असायचा. पण दुसरी एक यादी दादांच्या मोबाइलमध्ये होती. मोठे सर्जन, कार्यालयातले साहेब, समितीवरचे कुणीकुणी थेट निरोप धाडायचे. आपला माणूस आहे, जरा बघा. दोन मिनिटांचं तर काम आहे. ते दोन मिनिटांचं काम दोन दिवस खायचं. कुणी दमदाटी करत नव्हतं, उलट निरोपाच्या शेवटी हात जोडलेले असायचे, आणि त्यामुळेच दादांना ते मोडवत नसे. विभागप्रमुख मॅडमना याचा पत्ताच नव्हता, कारण फळ्यावर यातलं काही चढतच नव्हतं.

त्या वर्षी शिवणकाम करणारी एक बाई आली. अपघातात तिचा पाय गुडघ्याखाली कापावा लागला होता. दादांनी साचा घेतला, तीन आठवडे लागतील म्हणून सांगितलं. मग सर्जनांचा मेव्हणा मध्ये आला, मग साहेबांचे शेजारी, मग आणखी एक जण. बाई फोन करायची, तेव्हा दादा म्हणायचे, काम चालू आहे. तसं ते चालूच होतं, दुसऱ्यांचं.

दहाव्या आठवड्यात ती नणंदेला घेऊन आली. पाय चढवला आणि पहिल्याच पावलाला तिचा पाय सॉकेटच्या आत हलला. दादांनी आणखी दोन मोजे चढवून पाहिले, तरी तेच. नव्याने कापलेल्या पायाची सूज उतरत जाते, पाय बारीक होतो. इतका जुना साचा मग उपयोगाचा राहत नाही.

"माझ्या पायालाच काही झालंय का?" बाईने विचारलं.

हो म्हणून टाकणं सोपं होतं. दादा स्टुलावर बसले. "ताई, पाय ठीक आहे तुमचा. वेळेत केलं असतं तर हे बसलं असतं. मी तीन जणांना तुमच्या आधी घेतलं."

नणंद उसळून काही बोलणार, तेवढ्यात बाईने तिचा हात दाबला. "मी आपली समजत होते, माझंच काम अवघड असेल," ती म्हणाली, आणि कुबड्या जवळ ओढून घेतल्या.

दादांनी त्याच दुपारी मॅडमपुढे मोबाइल ठेवला. मॅडमनी सगळे निरोप वाचले. यातलं खरंच तातडीचं किती, असं त्यांनी विचारलं. एकच होतं. त्या माणसाला सॉकेट घासून जखम झाली होती. त्याला मीही पुढे घेतलं असतं, मॅडम म्हणाल्या, पण मला विचारून, फळ्यावर लिहून, आणि ज्याचं काम मागे पडतंय त्याला कळवून. तेव्हापासून तोच नियम ठरला. जखम, पडण्याचा धोका, असं कारण असेल तर मॅडम ठरवतील. बाकी सगळे क्रमाने. बाईचा नवा साचा घ्यायचा, पण नंबर जुन्या तारखेनेच धरायचा, कारण चूक कार्यशाळेची होती.

चौथ्या दिवशी मोठ्या सर्जनांचा निरोप आला. त्यांच्या जुन्या शिक्षकांचं सॉकेट बदलायचं होतं, याच आठवड्यात. दादांनी तीनदा लिहून तीनदा खोडलं आणि शेवटी पाठवलं: 'निरोप मिळाला, सर. नाव नोंदवलं, नंबर नववा, अंदाजे पाच आठवडे. जखम किंवा दुखणं असेल तर मॅडमना कळवा, त्या आजच ठरवतील. सध्याचं सॉकेट सैल असेल तर मोजे वाढवून बघायला सांगा.'

तासाभरात सर्जन स्वतः खाली आले. जखम नाही, पण मी सांगतोय ना, असं म्हणाले. दादांना खोकला आला. तो थांबेपर्यंत सर्जन उभे राहिले.

"सर, त्यांना आता घेतलं तर ह्या बाईंचं काम थांबतं," दादा बाकावरच्या साच्यावर हात ठेवून म्हणाले. "मागे एकदा थांबवलं, तर साचा फुकट गेला. परत थांबवायचं असेल, तर मॅडमनी लिहून द्यावं. आणि बाईंना फोन करून कारण मी खरं तेच सांगेन."

सर्जनांनी साच्याकडे बघितलं. मग ते जिना चढून गेले.

बाईला पाय मिळाला. दांड्यांच्या मधून तिने चार फेऱ्या मारल्या. दादांनी माफी मागितली, तेव्हा तिने नुसती मान हलवली आणि शिलाई मशीनचं पायडल या पायाने कधी मारता येईल, एवढंच विचारलं.

शिक्षक आपल्या नंबरावर आले आणि खुशीत गेले. सर्जन मात्र पुढे वर्षभर दादांशी कामापुरतंच बोलले. ते दादांना लागायचं. निरोपही थांबले नाहीत, फक्त आता प्रत्येकाला तेच उत्तर जायचं, मग तो साहेब असो की शेजारच्या कपडे धुण्याच्या विभागातला माणूस.