टाचणीबाईंविरुद्ध तक्रार पाहिजे

आमच्या शाळेच्या कारकूनबाईंना सगळे टाचणीबाई म्हणतात. कागदाला कागद टाचल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही. मी इथला शिपाई. वीस वर्षांत त्यांच्याशी शंभरदा भांडलोय, आणि खरं सांगायचं तर शंभरही वेळा त्यांचंच बरोबर निघालंय, म्हणून जास्तच चीड येते.

त्या वर्षी पहिलीच्या प्रवेशाची तात्पुरती यादी लागली, आणि चोविसाव्या, म्हणजे शेवटच्या जागेवर माझ्या नातीचं नाव. मला गगन ठेंगणं झालं. यादीसमोर मी दिवसातून दहा वेळा झाडू मारत होतो.

आमच्याकडे वर्ग एकच, जागा चोवीस. नियम बाहेरच्या फळ्यावर ठळक लिहिलेले. ठरलेल्या तारखेला मुलाला सहा वर्षं पूर्ण हवीत. जन्मदाखला हवा, राहत्या घराचा पुरावा हवा. घर एक किलोमीटरच्या आत असेल त्यांना आधी जागा, आणि उरलेल्या जागांसाठी लांबच्यांची सोडत, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत. यंदा आतले एकोणीस निघाले, उरल्या पाच. आम्ही राहतो लांब, आणि नातीची चिठ्ठी निघाली पाचवी. माझं नातं मी आधीच लेखी कळवलं होतं, त्यामुळे बाईंनी मला सोडतीच्या डब्याजवळ फिरकूसुद्धा दिलं नाही. गेटवर उभा केला चोरासारखा.

यादीवर हरकत घ्यायला सात दिवस असतात. सातव्या दिवशी दुपारी तीनला बाईंनी मला हाक मारली. "काका, दार लोटून घ्या."

टेबलावर इस्त्रीवालीच्या मुलीचा अर्ज होता. त्यात पत्ते दोन, एक घराचा, एक कामाचा. "मी अंतर टपरीच्या पत्त्यावरून मोजलं," बाई म्हणाल्या. "घर सहाशे मीटरवर आहे. पोरगी आतल्या गटात हवी होती. माझ्यामुळे सोडतीत गेली आणि प्रतीक्षा यादीत नववी आली. आज फायली लावताना दिसलं."

हिशोब करायला मला वेळ लागला नाही. आतले वीस झाले की सोडतीला उरतात चार. पाचवी चिठ्ठी बाहेर. माझ्या तोंडचं पाणी पळालं.

"मग करा दुरुस्त. मला कशाला ऐकवता?"

"करता येत नाही. यादी फळ्यावर लागली की ऑफिसातल्या कुणी तिला हात लावायचा नाही. पालकानं लेखी हरकत घ्यायची आणि समितीनं ठरवायचं."

हा नियम कुणी आणला होता? ह्यांनीच. पूर्वी इथे एका रात्रीत नावं बदलायची, 'दुरुस्ती' या गोंडस नावाखाली. ते थांबवायला बाई दोन मुख्याध्यापकांशी भांडल्या होत्या. आता बसल्या होत्या स्वतःच्याच नियमात अडकून.

"मोठ्या बाईंना चूक लेखी कळवली," मुख्याध्यापिकांच्या खोलीकडे बोट दाखवून त्या म्हणाल्या. "त्याही म्हणतात, पालकाचा कागद लागेलच. मुदत पाचपर्यंत. इस्त्रीवालीला दोनदा फोन केला. ती म्हणते, तुमची नोकरी जाईल, मी नाही तक्रार करणार."

"गप्प बसला असतात तर कुणाला कळणार होतं?"

"मला कळलंय ना आता. आणि ज्याचं नुकसान होणार त्यालाही कळायला हवं, म्हणून सांगितलं. तुमच्याकडे काही मागत नाही." पर्स उचलून त्या निघाल्यासुद्धा.

मी पाच मिनिटं तिथेच धुमसत बसलो. त्या बाईला तुडवावं की तिच्या पाया पडावं, कळेना. मग मीही मोठ्या बाईंना विचारून टपरीकडे सुटलो.

तिथला तमाशा मी जन्मात विसरणार नाही. लोक तक्रार मागे घ्या म्हणून हात जोडतात. आमच्या बाई तक्रार करा म्हणून जोडत होत्या. इस्त्रीवाली शर्टाची कॉलर दाबत मान हलवत होती.

"अर्ज भरायला तुम्ही तासभर माझ्याजवळ बसलात. आणि मी तुमच्यावरच उलटू? शिवाय माझी आत आली की दुसऱ्या कुणाचं लेकरू बाहेर जाणार ना?"

बाईंनी माझ्याकडे बघायचंही टाळलं. जागा जाणाऱ्याचं नाव दुसऱ्याला सांगायचं नाही, हाही त्यांचाच नियम.

"जाणार," मी म्हणालो. "माझी नात."

तिनं इस्त्री उभी केली. "आणि तुम्ही सांगायला आलात, तक्रार कर म्हणून?"

"मला राग आलाय, ताई. खूप आलाय. पण तुमचं घर सहाशे मीटरवर आहे, ते काय मी उचलून लांब ठेवू?"

तिनं टेबलावरचा शर्ट बाजूला सारला. मग हळूच म्हणाली, "मला नीट लिहिता येत नाही."

बाईंना लिहिता येईना, कारण तक्रार त्यांच्यावरच. राहिलो मी. इस्त्रीच्या टेबलावर कागद ठेवून, अजून गरम होतं ते, मी माझ्याच नातीच्या जागेवर पाणी सोडणारा अर्ज लिहिला. 'अंतर चुकीच्या पत्त्यावरून मोजले' असं लिहिलं, तर शेजारून बाईंचा आवाज, "'निष्काळजीपणे' घाला." मी नाही घातलं.

इस्त्रीवालीनं सही केली. मग घरभाड्याच्या कराराची प्रत आणायला ती घराकडे पळाली आणि आम्ही शाळेकडे. पाचला दहा कमी, पाचला सात कमी. मी गेटमधून रस्त्याकडे बघतोय, आणि मला स्वतःचंच नवल वाटत होतं, कारण ती वेळेत यावी म्हणून माझाच जीव टांगणीला लागला होता. आली. चप्पल हातात घेऊन धावत आली. मोठ्या बाईंनी स्वतः आवक नोंदली, चार वाजून छप्पन्न मिनिटं, आणि शिक्का मारून पोच तिच्या हातात दिली.

तिसऱ्या दिवशी समिती बसली. मोठ्या बाई, पालकांच्या प्रतिनिधी आणि बाहेरचे एक निवृत्त शिक्षक. टाचणीबाईंना चूक सांगून बाहेर बसावं लागलं. माझ्या मुलाचं आणि सुनेचंही म्हणणं ऐकून घेतलं. नकाशावर अंतर पुन्हा मोजलं आणि निर्णय कारणांसकट लिहून फळ्यावर लावला. अंतिम यादीत इस्त्रीवालीची मुलगी आत. माझी नात प्रतीक्षा यादीत, क्रमांक एक. बाईंना लेखी समज मिळाली, ती त्यांनी स्वतःच स्वतःच्या फायलीत टाचली.

घरी माझी काय शोभा झाली ते विचारू नका. सून दोन दिवस ताट समोर ठेवायची आणि निघून जायची. हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय.

मूळ कागद दाखवून प्रवेश पक्का करायला पाच दिवस होते. चार दिवसांत तेवीस घरं येऊन गेली. पाचव्या दिवशी चोविसावे आले ते जागा सोडतोय असं लिहून द्यायला. गाव बदलत होते. मी कोपऱ्यात पाण्याचा माठ भरत होतो. ऐकलं आणि तांब्या हातातच राहिला.

बाईंनी तो कागद टाचला, नोंद केली, टेबलावरचा फोन उचलून नंबर फिरवला. माझ्या खिशात फोन वाजायला लागला. अर्जावर संपर्काला माझाच नंबर होता.

"अहो बाई, मी इथेच आहे."

त्यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. बोटानं खुणावलं, उचला. मी उचलला.

"प्रतीक्षा यादी क्रमांक एक," चार हातांवर बसून त्या फोनमध्ये म्हणाल्या. "एक जागा रिकामी झाली आहे. उद्या दुपारी तीनपर्यंत मूळ कागद घेऊन आई-वडिलांनी यायचं. जागा हवी आहे का?" शेवटच्या शब्दाला त्यांचा आवाज फुटला.

"हवी आहे."

त्यांनी नोंदवहीत वेळ लिहिली. "कोण बोलतंय?"

"आजोबा," मी म्हणालो.