भिडस्त रेणुकादासांचं बिल

लातूरच्या ट्यूशन एरियात रेणुकादास वह्या-पुस्तकांचं दुकान चालवायचे. माणूस इतका भिडस्त, की गिऱ्हाईक म्हणेल तसं बिल हातानं लिहून द्यायचे. पुस्तकावर कर नाही म्हणून दप्तरालाही पुस्तक म्हणायचे, मागची तारीखही घालायचे आणि मग दिवसभर धास्तावून बसायचे.

शेवटी सून अपूर्वानं संगणकावर बिलाचा तयार नमुना करून दिला. नवं बिल उघडलं की पुढचा क्रमांक आपोआप पडे. वस्तू निवडली की पुस्तकाला शून्य, दप्तराला अठरा टक्के असा कर लागे आणि एकूण रक्कम खाली अक्षरी उमटे.

एका क्लासचा मॅनेजर विनोद आला. "काका, दप्तरं पुस्तकांत दाखवा न. तारीखबी मार्चची टाका."

"मी टाकलीच असती हो," रेणुकादास हळहळले, "पण हे यंत्र ऐकूनच नाही राहिलं. नंबर पुढचा पडतो, तारीख मागची कशी चालंल?"

विनोदनं अक्षरी रक्कम दोनदा वाचली आणि पैसे मोजले.

तो गेल्यावर अपूर्वा म्हणाली, "मामा, ते सगळं हातानं बदलता येतं की. दाखवू का?"

"नको बाई," रेणुकादास घाईनं म्हणाले. "मला ते आलं, तर मी लोकांना नाही कसं म्हणू?"