बिजागरीत ठेवायची फट

तुमसरच्या कोणत्याही हार्डवेअरच्या दुकानात बोटाएवढा कब्जा मिळतो. आमच्याकडे बिजागरीला कब्जाच म्हणतात. त्या पंधरा दिवसांत हे मला बायकोने सांगितलं, शेजारच्यांनी सांगितलं, आयटीआयमधल्या सहकाऱ्यांनी सांगितलं, आणि ज्यांच्यासाठी हा सगळा खटाटोप चालला होता त्या बाबांनी तर रोज सांगितलं. मला हे ठाऊकच नसावं अशा सुरात सगळे सांगायचे. मी आयटीआयमध्ये फिटर ट्रेडचा निदेशक, म्हणजे शिकवणारा, आहे. कब्जा कुठे मिळतो हे मला कळत असावं, एवढा विश्वास निदान घरच्यांनी तरी ठेवायला हरकत नव्हती.

बाबा तुमसरच्या एका राइस मिलमध्ये आयुष्यभर फिटर होते. धान सोलणाऱ्या यंत्रात दोन रबरी रोल समोरासमोर फिरतात आणि त्यांच्यामधली फट धानाच्या दाण्यापेक्षा किंचित कमी ठेवावी लागते. फट जास्त झाली तर धान न सोलताच खाली पडतं, कमी झाली तर तांदूळ तुटून त्याची कनकी होते. ती फट लावणं बाबांच्या हातात होतं, आणि हातात म्हणजे खरोखरच हातात. ते यंत्रावर तळवा ठेवायचे, खाली पडलेले चार दाणे चिमटीत चोळून बघायचे आणि फट कमी-जास्त करणारं चाक पाव फेरा फिरवायचे. यंत्रात कुठे काही वाजलं की मालकाला न विचारता पट्टा उतरवून मिल बंद करायचे. वाजणारं यंत्र म्हणजे त्यांच्या लेखी कुणाचा तरी निष्काळजीपणा.

त्याच हातांना आता कंपवात झालाय. गोळ्या दिवसातून तीनदा, ठरल्या वेळेला. सकाळची आणि रात्रीची आमच्यासमोर होते. दुपारची मात्र त्यांना एकट्यालाच घ्यावी लागते, कारण मी आयटीआयमध्ये आणि बायको शाळेत. बाजारात मिळणाऱ्या गोळ्यांच्या डब्यांची झाकणं इतकी घट्ट की मलाही नख लावावं लागतं, आणि गोल डबीचं झाकण बाबांच्या हातून सुटून दिवाणाखाली जायचं. त्याच्यामागे गोळीही जायची. एका रविवारी दिवाण सरकवून झाडताना आम्हाला तिथे चार गोळ्या सापडल्या. दुपारची गोळी घेतली का, या प्रश्नाला ते रोज हो म्हणत होते.

बायको बाबांना म्हणाली, "मामाजी, मी शेजारच्या काकूले सांगतो. त्या येऊन गोळी देत जातील."

"मले चारू नका," बाबा म्हणाले. "लेकरू नाही मी."

त्यानंतर ते दोन दिवस कुणाशी नीट बोलले नाहीत. मला तेव्हा त्यांचा राग आला होता, हे लपवत नाही. गोळी चुकली की संध्याकाळपर्यंत अंग आखडायचं, मग खुर्चीतून उठवायला दोघं लागायचे, आणि तरी हा ताठा. पण काकूंचं नाव परत काढायची माझीही हिंमत झाली नाही. झाकण हातून सुटणारच नाही आणि अंगठ्याने नुसतं ढकललं की उघडेल अशी डबी मी करतो, असं मी सांगून बसलो.

माझ्याकडे घरी एक लहान थ्रीडी प्रिंटर आहे. प्लास्टिकची तार वितळवून थरावर थर चढवत तो वस्तू उभी करतो. त्यावर डबी आणि झाकण एकाच वेळी, एकमेकांत अडकलेलं छापता येतं. उघड्या पुस्तकासारखी डबी प्रिंटरच्या पाटावर आडवी छापायची, मध्ये बिजागरी. बिजागरीच्या मधल्या गाठीला, म्हणजे नळीसारख्या जाड भागाला, दोन्ही बाजूंनी शंकूसारखी टोकं, आणि शेजारच्या गाठींत त्यांच्या मापाचे शंकूसारखे खळगे. टोक खळग्यात जन्मापासूनच बसलेलं असतं, म्हणून स्क्रू नको, खिळा नको, जोडकाम नको. पाटावरून उचलायची, एकदा वाकवायची, झालं. सगळं अवलंबून असतं ते टोक आणि खळगा यांच्यामधल्या फटीवर. म्हणजे पुन्हा फटच. घराण्याचाच धंदा म्हणायचा.

आणि इथेच मी माती खाल्ली. फट किती ठेवायची हे मी प्रिंटरला नाही, फिटरला विचारलं. माझ्या आतल्या फिटरला. जोडात खेळ असणं, जोड सैल हलणं, म्हणजे काम वाईट, हे मी मुलांना वीस वर्षं शिकवत आलोय, आणि मला ते बाबांनी शिकवलं होतं. मी मोठ्या ऐटीत पॉइंट एक मिलिमीटर फट ठेवली. तीन तासांनी निघाली ती डबी नव्हतीच. एक अखंड ठोकळा होता. वितळलेलं प्लास्टिक कानशीने घासलेल्या लोखंडासारखं सरळ कडेवर थांबत नाही, ते दोन्ही बाजूंना थोडं पसरतं. पॉइंट एकची फट त्याने केव्हाच गिळून टाकली होती.

बाबांनी ठोकळा हातात घेऊन उलटासुलटा केला. "कुठून उघडते?"

"उघडत नाही, बाबा."

"मंग डबी कायले म्हनतो?"

दुसऱ्या वेळी पॉइंट तीन ठेवली. अर्धी छापून झाली आणि लाइट गेली. परत लावली. तिसऱ्या तासाला निघाली तेव्हा वरून बिजागरी सुरेख दिसत होती, फट स्वच्छ दिसत होती, आणि तरीही ती हलेना. जोर लावला तर गाठच तुटून माझ्या तळहातात आली. उलटी करून बघितलं तेव्हा कळलं. पहिला थर पाटाला चिकटावा म्हणून मी वितळलेलं प्लास्टिक सोडणारं नोझल पाटाच्या फार जवळ आणून ठेवलं होतं, त्यामुळे तो थर दबून बाहेर पसरला होता आणि गाठीला गाठ खालून जोडली गेली होती. शिवाय दुसरी चूक होती, आणि ती जास्त लाजिरवाणी होती. शंकूचं टोक मी खळग्यापासून सरळ रेषेत पॉइंट तीन मागे घेतलं होतं. पण शंकूची बाजू तिरपी असते, पंचेचाळीस अंशांत. तिरप्या बाजूवर ती फट जेमतेम पॉइंट दोन उरते. हे गणित मी पहिल्या वर्षाच्या मुलांना फळ्यावर समजावून सांगतो.

बायको वह्या तपासत होती. मान वर न करता म्हणाली, "दोन डब्या झाल्या, दोन्ही उघडत नाहीत. चोराले देऊन टाका, बिचारा कटाळून जाईल."

  दर वेळी आख्खी डबी छापून तीन तास घालवायचे आणि मग बघायचं, हा शहाणपणा कुणी शिकवला मला? नुसत्या बिजागऱ्याच छापल्या असत्या तर अर्ध्या तासात कळलं असतं. हेही मीच मुलांना सांगतो, आधी तुकडा करून बघा म्हणून.

तर मग तुकडा केला. एका पट्टीवर चार छोट्या बिजागऱ्या, फट पॉइंट दोन, तीन, चार, पाच, आणि या वेळी तिरप्या बाजूला काटकोनात मोजलेली. नोझल थोडं वर घेतलं. गाठींच्या तळाच्या कडा किंचित छाटून तिरप्या केल्या, म्हणजे पहिला थर पसरला तरी शेजारच्याला टेकणार नाही. पॉइंट दोनची चिकटलेलीच निघाली. पॉइंट तीनची पकडीने धरल्यावर कट्‌ करून सुटली, पण जड फिरत होती. पॉइंट चारची नुसत्या हाताने सुटली आणि मोकळी झाली. पॉइंट पाचची लुळी पडली होती.

पट्टी बाबांपुढे ठेवली. त्यांनी चष्मा लावला, चारही कब्जे डोळ्यांजवळ नेऊन बघितले आणि पॉइंट तीनवर बोट ठेवलं. "हा बराबर हाय. बाकीच्याईत खेळ हाय."

"फिरवून बघा."

त्यांनी अंगठा लावला. अंगठा थरथरत घसरला. पुन्हा लावला, पुन्हा घसरला. मग पॉइंट चारवर नेला आणि तो लगेच वळला. त्यांनी दोनदा उघडून मिटून बघितला, कपाळाला आठी घालून. "हा फिरते," ते म्हणाले. "पन काम ढिलं हाय."

पॉइंट चारची डबी केली. पुढे अंगठा मावेल एवढी रुंद जीभ, मिटल्यावर अडकायला कडेला अगदी बारीक उंचवटा. पाटावरून काढून वाकवली, हलकासा कट्‌ आवाज झाला आणि झाकण उघडलं. पंधरा दिवसांनी. माझ्या डोळ्यांत पाणी येईल की काय असं मला क्षणभर वाटलं, आणि आलं असतं तर बायकोने वर्षभर ते ऐकवलं असतं.

बाबांनी डबी हातात घेतली आणि ती वाजायला लागली. पॉइंट चारचा खेळ आणि त्यांचा हात. बिजागरी खुडखुड, खुडखुड. त्यांनी मूठ आवळली, तरी वाजली. घरात आम्ही तिघंच होतो आणि तिघंही ते ऐकत होतो. ते चारचौघांत हा हात नेहमी सदऱ्याच्या खिशात घालून ठेवतात.

"हा खेळ काढ," ते म्हणाले. "वाजून राहिली."

मी वैतागलो. खेळ काढला तर उघडणार नाही, हे पट्टीवर त्यांनीच बघितलं होतं. पण त्यांच्याशी वाद घालण्यापेक्षा आणखी एक डबी छापणं सोपं होतं. पॉइंट तीनची छापली, पकडीने सोडवली, तासभर हाताने उघडझाप करून मोकळी केली. ती वाजत नव्हती. माझ्या बोटांना तर ती पहिलीपेक्षाही सरस वाटत होती. रविवारी दुपारी त्यांची गोळी तिच्यात घालून त्यांच्यापुढे ठेवली. वाजणारी डबी मी कपाटात टाकायला म्हणून शोधली, तर जागेवर नव्हती.

बाबांनी जिभेखाली अंगठा घातला. घसरला. डबी गुडघ्यांमध्ये धरली आणि दोन्ही अंगठे लावले. डबी फिरली, झाकण तसंच. माझा हात पुढे गेला. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि मी हात मागे घेतला. भिंतीवरच्या घड्याळात दोन वाजून गेले होते. आणखी चार-पाच वेळा त्यांनी प्रयत्न करून बघितला. शेवटी डबी माझ्यापुढे सरकवली. "हिच्यातली गोळी काढ."

मी काढली. मला वाटलं आता हात पसरतील, आणि मी त्या पसरलेल्या हाताकडे बघणार नाही असं ठरवलं. पण त्यांनी खिशात हात घातला आणि वाजणारी डबी बाहेर काढली. अंगठ्याने झाकण ढकललं, ते उघडलं. डबी माझ्यापुढे धरली, खुडखुड, खुडखुड. "टाक हिच्यात."

मी गोळी टाकली. त्यांनी झाकण मिटलं. मग स्वतः उघडलं, स्वतः गोळी उचलली, तोंडात टाकली आणि वरून पाणी प्यायले. रिकामी डबी हातातच ठेवली, खुडखुड वाजत.

"मिलमधी असतो तं बंद केली असती," ते म्हणाले. "जाऊ दे. वाजते तं वाजू दे."